तपकिरी खोक्यामागचा वास: लाकडाचा लगदा कसा शिजतो आणि त्यातली रसायनं जातात कुठे?

२०२१ सालच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवर राहणारे लोक एकच तक्रार करू लागले. सडक्या अंड्यांचा वास येतोय. खिडक्या बंद केल्या तरी येतोय, रात्री झोपेतून जाग येईल इतका येतोय. कुणाला मळमळत होतं, कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाचे डोळे चुरचुरत होते. बघता बघता तक्रारींचा आकडा हजारोंवर गेला.

वासाचा माग काढत यंत्रणा पोहोचली कटॉबा नदीच्या काठावरच्या एका कागद कारखान्यापर्यंत. न्यू-इंडी कंटेनरबोर्ड या कंपनीचा हा कारखाना. १३ मे २०२१ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, कंपनीला आणीबाणीचा आदेश दिला.

यातली चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की हा कारखाना काही नवा नव्हता. तिथे अनेक दशकं कागद बनत होता आणि अधूनमधून वासही येत असणार, कारण असे कारखाने पूर्ण बिनवासाचे नसतातच. मग २०२१ मध्येच असं काय झालं?

त्याचं उत्तर ऑनलाइन खरेदीच्या तपकिरी खोक्यापासून सुरू होतं. पण ते कळायला आधी लाकडाचा लगदा कसा शिजतो ते पाहावं लागेल.

पांढरा कागद गेला, तपकिरी आला

या कारखान्यात आधी ब्लीच केलेला, म्हणजे पांढरा शुभ्र केलेला लगदा आणि छपाईचा गुळगुळीत कागद बनायचा. मासिकं, कॅटलॉग वगैरेंसाठी लागतो तसा. मोबाइल आल्यापासून या कागदाची मागणी घसरत चालली आहे. त्याउलट पार्सलच्या खोक्यांची मागणी वाढली. न्यू-इंडीने २०१८ च्या अखेरीस हा कारखाना विकत घेतला तो खोक्यांचा जाड तपकिरी कागद बनवण्यासाठीच. २०२० च्या अखेरीस यंत्रांमध्ये बदल झाले आणि २०२१ च्या सुरुवातीला तपकिरी कागद निघू लागला.

या तपकिरी कागदाला जगभर 'क्राफ्ट पेपर' म्हणतात. जर्मन आणि स्वीडिश भाषांमध्ये क्राफ्ट म्हणजे ताकद. हस्तकलेच्या क्राफ्टशी त्याचा संबंध नाही. (योगायोग म्हणजे न्यू-इंडीच्या दोन भागीदारांपैकी एकाचं नावही 'क्राफ्ट ग्रुप' आहे, पण ते मालकाच्या आडनावावरून.) ताकद हे नाव पडलं कारण या पद्धतीने बनवलेला कागद इतर पद्धतींच्या कागदापेक्षा चिवट निघाला. आणि ही ताकद ज्या पदार्थामुळे येते, त्याच्यामुळेच तो वास येतो.

लाकडात नेमकं काय असतं?

लाकूड म्हणजे सेल्युलोजचे लांबट तंतू आणि त्यांना एकमेकांना चिकटवून ठेवणारं लिग्निन. शिवाय हेमीसेल्युलोज नावाचा एक मधला पदार्थ असतो. पाइनसारख्या झाडात साधारण ४० ते ४५ टक्के सेल्युलोज आणि पाव भागापेक्षा थोडं जास्त लिग्निन असतं. कागदासाठी हवे असतात तंतू. लिग्निन काढायचं असतं. ते राहिलं तर तंतू नीट सुटे होत नाहीत आणि कागद ठिसूळ होतो, पिवळा पडतो. वर्तमानपत्राचा कागद उन्हात पिवळा पडतो तो त्यात लिग्निन राहिलेलं असतं म्हणूनच.

लाकूड नुसतं दळून तंतू वेगळे करता येतात, पण त्यात तंतू तुटतात. अख्खे तंतू हवे असतील तर मधला डिंक विरघळवावा लागतो. त्यासाठी कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, चालतो. एकोणिसाव्या शतकात तसंच करत. पण नुसत्या कॉस्टिकमध्ये लाकूड शिजायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात कॉस्टिक सेल्युलोजवरही हल्ला करतं. लिग्निन निघेपर्यंत तंतूही झिजतात.

इथे सल्फाइडचा प्रवेश होतो, आणि तोही अपघातानेच. जर्मन रसायनतज्ज्ञ कार्ल डाल १८७९ च्या सुमाराला लगदा शिजवण्याच्या पद्धतीवर काम करत होता. प्रत्येक फेरीत थोडा सोडा वाया जायचा आणि तो भरून काढायला महाग सोडा विकत घ्यावा लागायचा. त्याने त्याऐवजी स्वस्त सोडियम सल्फेट वापरलं. भट्टीतून जाताना त्या सल्फेटचं सल्फाइड झालं, ते शिजवण्याच्या पाण्यात मिसळलं आणि लाकूड लवकर शिजलं. लगदाही जास्त मजबूत निघाला. पैसे वाचवायला केलेला बदल होता, त्यातून पद्धतच नवी मिळाली. १८८५ मध्ये स्वीडनमध्ये या पद्धतीचा पहिला कारखाना सुरू झाला.

कुकर मोठा, शिट्टी नाही

आता प्रत्यक्ष शिजवणं. लाकडाची साल काढतात आणि त्याचे चकतीसारखे छोटे तुकडे करतात. त्यांना चिप्स म्हणतात. लांबी दोन-अडीच सेंटीमीटर, जाडी काही मिलिमीटर. जाडीला फार महत्त्व असतं. चिप जाड असेल तर रसायन आतपर्यंत पोहोचत नाही आणि बाहेरचा भाग शिजून मधला कच्चाच राहतो. भातात एखादा दाणा टचटचीत राहावा तसं. हे कच्चे गोळे पुढे चाळणीत अडकतात आणि परत शिजवायला पाठवावे लागतात.

चिप्स जातात डायजेस्टरमध्ये. हा अनेक मजली उंचीचा पोलादी प्रेशर कुकर समजा. त्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांचं पाणी घालतात. या पाण्याला 'व्हाइट लिकर' म्हणतात. मग तापमान १६० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात आणि दोनेक तास शिजवतात.

सल्फाइडचं काम आहे लिग्निनच्या लांबलचक साखळ्या नेमक्या जोडांवर तोडणं. तुटलेले तुकडे कॉस्टिकच्या पाण्यात विरघळतात. लिग्निन लवकर निघतं, म्हणून सेल्युलोजला कमी मार बसतो. क्राफ्टच्या ताकदीचं कारण हे.

पण लिग्निनला ठिकठिकाणी मिथाइल नावाचे छोटे गट चिकटलेले असतात. सल्फाइड त्यांनाही ओढून घेतं. त्यातून मिथाइल मरकॅप्टन आणि डायमिथाइल सल्फाइड असे वायू बनतात. त्यांच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड असतोच, म्हणजे सडक्या अंड्यांचा वायू. मरकॅप्टनचा वास किती तीव्र? हवेच्या एक अब्ज भागांत एखादा भाग असला तरी नाकाला कळतो. घरच्या गॅस सिलिंडरमध्ये गळती कळावी म्हणून याच कुळातलं रसायन मिसळतात.

म्हणजे हा वास म्हणजे काही निष्काळजीपणाने झालेली घाण नव्हे. सल्फाइड वापरलं की हे वायू तयार होणारच. ते बाहेर सोडायचे की पकडून जाळायचे, एवढंच कारखान्याच्या हातात असतं.

कधी थांबायचं हे ठरवायला लगद्यात किती लिग्निन उरलंय ते मोजतात. त्या आकड्याला 'कप्पा नंबर' म्हणतात. लगद्याचा नमुना घ्यायचा, त्यात पोटॅशियम परमँगनेट घालायचं आणि लगदा किती परमँगनेट खातो ते पाहायचं. जास्त खाल्लं तर लिग्निन जास्त. पाइनचा लगदा पांढरा करायचा असेल तर कप्पा २५ ते ३० च्या आसपास आणतात. खोक्याच्या कागदाला ६० ते १०० सुद्धा चालतो, कारण तो तपकिरीच राहणार असतो. त्यामुळे खोक्याच्या कागदासाठी कमी शिजवावं लागतं आणि त्याच लाकडातून जास्त लगदा निघतो. दोन टन कोरड्या लाकडातून पांढऱ्या कागदासाठी ९०० ते ९५० किलो लगदा मिळत असेल, तर तपकिरीसाठी अकराशे किलोच्या आसपास मिळू शकतो. पांढऱ्याकडून तपकिरीकडे वळण्यातला हा एक फायदा.

उरलेलं काळं पाणी

लगदा धुऊन घेतला की मागे राहतं काळं, फेसाळ, साबणासारखं बुळबुळीत पाणी. हे 'ब्लॅक लिकर'. एक टन लगद्यामागे असं सात ते दहा टन पाणी निघतं. लाकडाचा जवळपास अर्धा भाग त्यात विरघळलेला असतो, आणि शिजवायला घातलेलं जवळजवळ सगळं सोडियम आणि गंधकही.

हे पाणी नदीत सोडलं तर काय होतं? आधी पैशांचं बघू. एक टन लगद्यासाठी साधारण साडेतीनशे किलो अल्कली लागतं असं धरा. ते दरवेळी विकत घेऊन नदीत ओतायचं तर कागद परवडणारच नाही. चांगल्या कारखान्यात यातलं ९७ टक्क्यांच्या आसपास परत मिळतं. म्हणजे टनामागे दहाएक किलोची भरपाई करावी लागते. उरलेलं तेच रसायन पुन्हा पुन्हा फिरत राहतं.

नदीचं काय होतं ते भारताने पाहिलं आहे. उत्तर भारतात गव्हाचं काड, उसाचं चिपाड वगैरेंपासून कागद बनवणारे कितीतरी छोटे कारखाने कॉस्टिकमध्ये कच्चा माल शिजवत आणि काळं पाणी सोडून देत. सल्फाइड नसल्यामुळे वास कमी, पण पाणी तितकंच काळं. रिकव्हरीचा कारखाना उभारायला प्रचंड भांडवल लागतं, ते छोट्यांना झेपत नाही. २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'क्रेप' या सनदेत त्यांच्यापुढे पर्याय ठेवले गेले: रसायनं परत मिळवण्याची सोय करा, नाहीतर रद्दीपासून कागद बनवा. बऱ्याच जणांनी रद्दीचा रस्ता धरला.

गुऱ्हाळ, भट्टी आणि चुना

काळ्या पाण्यातून रसायनं परत कशी मिळतात? पहिली पायरी महाराष्ट्रात कुणालाही सांगायला सोपी आहे, कारण साखर कारखान्यात उसाचा रस याच पद्धतीने आटवतात. एकामागे एक पाच ते सात भांडी. पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला. एकदा दिलेली वाफ अशी अनेकदा वापरली जाते. सुरुवातीला काळ्या पाण्यात घन पदार्थ १५ टक्क्यांच्या आसपास असतात. आटवून ते ६५ ते ८० टक्क्यांपर्यंत नेतात. तेव्हा ते काकवीपेक्षाही दाट झालेलं असतं.

आणि ते जळतं. लिग्निन हे शेवटी लाकूडच. आटवलेल्या ब्लॅक लिकरच्या घन भागात चांगल्या कोळशाच्या जवळपास निम्मी उष्णता असते. मोठे क्राफ्ट कारखाने आपल्याला लागणाऱ्या वाफेचा आणि विजेचा बराचसा भाग यातूनच मिळवतात.

जाळण्याची जागा म्हणजे 'रिकव्हरी बॉयलर'. १९३० च्या दशकात कॅनडात जॉर्ज टॉमलिन्सन यांनी त्याला आजचं रूप दिलं आणि त्यानंतर क्राफ्ट पद्धतीने बाकीच्या पद्धतींना मागे टाकलं. हा नुसता बॉयलर नाही. त्याच्या तळाशी निखाऱ्यांचा ढीग असतो आणि तिथे मुद्दाम हवा कमी देतात. हवा पुरेशी नसल्याने कार्बन सल्फेटमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि सल्फेटचं पुन्हा सल्फाइड होतं. वरच्या भागात मात्र भरपूर हवा देऊन सगळे वायू पूर्ण जाळतात. एकाच भट्टीत खाली हवेची टंचाई आणि वर मुबलक हवा.

तळाशी साठतो वितळलेल्या क्षारांचा लालभडक रस, तापमान ८०० अंशांच्या वर. याला 'स्मेल्ट' म्हणतात. त्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात: सोडियम सल्फाइड आणि सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. हा रस पन्हळींमधून खालच्या पाण्याच्या टाकीत पडतो आणि विरघळतो. या पाण्याला लोखंडाच्या अंशांमुळे हिरवट झाक येते, म्हणून ते 'ग्रीन लिकर'.

सल्फाइड परत मिळालं. पण कॉस्टिक सोडा कुठेय? तो तर कार्बोनेट होऊन बसलाय. त्याला पुन्हा कॉस्टिक करायचं काम करतो कळीचा चुना. चुना ग्रीन लिकरमध्ये विरतो, कार्बोनेट चुन्याकडे जातं आणि कॉस्टिक मोकळं होतं. चुन्याची झाली खडू-पावडर, ती खाली बसते. वरचं निवळ पाणी म्हणजे पुन्हा व्हाइट लिकर, डायजेस्टरमध्ये जायला तयार. खाली बसलेला खडू धुऊन लांबलचक फिरत्या भट्टीत हजार अंशांच्या वर भाजतात, त्याचा पुन्हा कळीचा चुना होतो. चुनासुद्धा फिरतोच.

यात सगळं शंभर टक्के होत नाही. कार्बोनेटचा पाचवा हिस्सा तसाच राहतो आणि उगाच गोल गोल फिरत राहतो. भट्टीत सल्फेटचं सल्फाइड पुरेसं झालं नाही तर तेही तसंच. हे काहीच काम न करणारं ओझं वाढलं की दरवेळी जास्त पाणी आटवावं लागतं, म्हणजे जास्त वाफ.

बांबूपासून लगदा करणाऱ्यांची आणखी एक डोकेदुखी असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरचा कागद कारखाना बांबू आणि लाकूड दोन्ही वापरण्यासाठी ओळखला जातो. बांबूत वाळूतली सिलिका बरीच असते. ती कॉस्टिकमध्ये विरघळते, आटवण्याच्या भांड्यांच्या नळ्यांवर दगडासारखी जमते आणि चुन्यात मिसळून चुनाही निकामी करते. म्हणून बांबूच्या कारखान्यांना चुना भट्टीत परत घालण्याऐवजी बराचसा फेकून द्यावा लागतो. पाइनच्या कारखान्यासाठी लिहिलेलं गणित तिथे जसंच्या तसं चालत नाही.

पाणी आणि स्मेल्ट: भेट होता कामा नये

रिकव्हरी बॉयलरच्या भिंती म्हणजे पाण्याने भरलेल्या नळ्या. आत आहे वितळलेला क्षार. नळी फुटली आणि पाणी स्मेल्टवर पडलं तर ते क्षणार्धात वाफ होतं आणि स्फोट होतो. जळण्याचा स्फोट नाही, नुसत्या वाफेचा. पण बॉयलरच्या भिंती उखडण्याइतका.

तसाच धोका पातळ लिकरचा. आटवण्यात गडबड होऊन लिकर फार पाणचट झालं तर ते भट्टीत टाकणं म्हणजे स्मेल्टवर पाणी ओतणंच. म्हणून घनता मोजणारी उपकरणं पाइपवर सतत लावलेली असतात आणि घन भाग ५८ टक्क्यांच्या खाली गेला की लिकर आपोआप वळवलं जातं. नळी फुटल्याचा संशय आला तर कर्मचारी बॉयलरची दुरुस्ती करायला धावत नाहीत. भोंगा वाजतो, सगळे इमारत सोडतात, आणि बॉयलरमधलं पाणी तळापासून सुमारे अडीच मीटर उंचीपर्यंत काढून टाकलं जातं. तेवढं पाणी आत ठेवतात ते नळ्या जळू नयेत म्हणून.

वायूंचंही तेच. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी लुइझियानातल्या डिरिडर इथल्या क्राफ्ट कारखान्यात एका टाकीचा स्फोट झाला आणि तीन कंत्राटी कामगार मारले गेले. त्या टाकीजवळ वेल्डिंगचं काम चालू होतं. टाकीत होतं 'फाउल कंडेन्सेट', म्हणजे कारखान्यातलं वासाचं पाणी, आणि त्यावर साचलेलं पाइनचं टर्पेंटाइन.

हे वासाचं पाणीच कटॉबाच्या गोष्टीत परत येतं.

कटॉबात काय चुकलं?

डायजेस्टर उघडताना वाफ निघते. काळं पाणी आटवताना वाफ निघते. ती थंड केली की पाणी होतं आणि त्या पाण्यात मरकॅप्टन, हायड्रोजन सल्फाइड, मिथेनॉल, टर्पेंटाइन सगळं उतरतं. या पाण्याचं काय करायचं?

एक उपाय म्हणजे स्ट्रिपर. उंच मनोरा असतो, वरून पाणी सोडतात, खालून वाफ. वाफ पाण्यातले वायू ओढून घेते, ते वायू पाइपने नेऊन जाळतात. गंधक जळून वास मरतो. खर्च आहे तो वाफेचा.

दुसरा उपाय म्हणजे ते पाणी सांडपाण्याच्या तलावात नेऊन जिवाणूंकडून स्वच्छ करून घेणं. त्याला स्ट्रिपरइतकी वाफ लागत नाही.

तपकिरी कागदाकडे वळताना कटॉबाच्या कारखान्याने स्ट्रिपर बंद केला आणि हे पाणी सांडपाणी प्रक्रियेकडे वळवलं, असं ईपीएच्या तपासात आढळलं. तलाव उघडा. जिवाणू मिथेनॉल आवडीने खातात. पण गंधकाचे वायू पाण्यात फार वेळ थांबत नाहीत. हवा मिसळण्यासाठी पाणी घुसळलं की ते आधी हवेत उडतात. त्यात तलावाच्या तळाशी गाळ साचला आणि प्राणवायू कमी पडला, तर तिथले दुसरे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून नवीन हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. म्हणजे तलाव वास घालवण्याऐवजी वासाचा कारखाना होतो.

मग हा बदल कंपनीला करताच कसा आला? इथे मामला रसायनशास्त्राकडून कायद्याकडे जातो. अमेरिकेत कागद कारखान्यांसाठी १९९८ साली नियम आले. त्यात अशा पाण्यातले 'घातक वायुप्रदूषक' किती काढायचे ते ठरवलं आहे आणि त्यासाठी मोजायचं मुख्यतः मिथेनॉल. स्ट्रिपर किंवा जैविक प्रक्रिया, दोन्ही मार्ग मान्य आहेत. शिवाय पांढरा लगदा बनवणाऱ्याने टनामागे ५.५ किलो प्रदूषक गोळा होईल इतकं पाणी पकडायचं, तर न ब्लीच करणाऱ्याने ३.६ किलो. म्हणजे तपकिरीकडे वळलं की ही मर्यादाही सैल होते.

आणि हायड्रोजन सल्फाइड? तो घातक वायुप्रदूषकांच्या त्या राष्ट्रीय यादीत नाहीच. १९९० च्या कायद्यात तो यादीत आला होता, १९९१ मध्ये अमेरिकन संसदेने ठराव करून तो काढून टाकला. त्यामुळे मिथेनॉलचा हिशेब कागदावर चोख लागू शकतो आणि तरीही गावभर सडक्या अंड्यांचा वास पसरू शकतो.

ईपीएने म्हणूनच नेहमीचे नियम बाजूला ठेवून आणीबाणीचं कलम वापरलं. आदेशात कारखान्याच्या कुंपणावर हायड्रोजन सल्फाइडची मर्यादा घातली: ३० मिनिटांच्या सरासरीत हवेच्या एक अब्ज भागांत ६०० भाग आणि सात दिवसांच्या सरासरीत ७० भाग. कुंपणावर मोजणारी यंत्रं लावायला लावली. कंपनीने स्ट्रिपर पुन्हा सुरू केला. डिसेंबर २०२१ मध्ये सरकार आणि कंपनी यांच्यातली तडजोड जाहीर झाली, त्यात ११ लाख डॉलरचा दंड होता.

हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत नाकावर किती विसंबायचं, हाही प्रश्न आहे. अब्जात काही भाग असतानाच वास येतो, म्हणून लोकांच्या तक्रारी यंत्रांच्या आधी पोहोचल्या. पण प्रमाण खूप वाढलं, दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं, की नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं. गावापर्यंत एवढी मात्रा पोहोचत नाही. टाकीत किंवा गटारात उतरणाऱ्या कामगाराला मात्र वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटू शकतं, आणि म्हणून अशा ठिकाणी उतरताना त्याच्या छातीवर वायू मोजणारं उपकरण लागतं.

आपल्या दारातल्या खोक्याचं काय?

भारतातला खोक्याचा तपकिरी कागद बहुतांशी रद्दीपासून बनतो. लाकूड शिजवायचं नसल्याने ब्लॅक लिकर नाही आणि मरकॅप्टनही नाही. पण तंतू प्रत्येक फेरीत तुटत, आखूड होत जातात. आठ-दहा वेळा वापरलेल्या तंतूंचा खोका वजन पेलत नाही. त्यात अधूनमधून लांब, ताजे तंतू मिसळावे लागतात, आणि ते मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे अमेरिका आणि युरोपातून जुन्या खोक्यांची रद्दी आयात करणं. त्या रद्दीतले चांगले लांब तंतू कधीतरी तिकडच्या एखाद्या पाइनच्या जंगलातून निघून, सल्फाइडच्या पाण्यात शिजून आलेले असतात. शिजवण्याचा वास तिकडे राहतो, तंतू इकडे येतात.